‘ठेवून जा, कंपनीला पाठवतो’: सदोष बूट दुकानात देण्याआधी

प्रश्न: नाशिकमधल्या एका दुकानातून बूट घेतले. २२ दिवसांत तळ फुटला. दुकानदार म्हणतात, “बूट ठेवून जा, कंपनीला पाठवतो, पंधरा दिवसांत कळवतो.” बिल आहे, पण पुसट झालंय. पैसे गूगल पेने दिले होते. बूट देऊन टाकू का? उद्या त्यांनी हात वर केले तर माझ्याकडे काय राहील?

उत्तर:

बूट द्या, पण आज नको आणि रिकाम्या हाताने तर मुळीच नको. त्या बुटांइतका मोठा पुरावा तुमच्याकडे दुसरा नाही आणि “ठेवून जा” या दोन शब्दांत तोच तुमच्या हातून जातो. ग्राहक मार्गदर्शनाच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. चपला-बुटांच्या तक्रारी बिल नसल्यामुळे अडतात असा लोकांचा समज आहे. माझा अनुभव वेगळा आहे. बिलाचं काहीतरी जमवता येतं. तक्रार अडते ती वस्तू दुकानात दिल्याचा कागद नसल्यामुळे. अंबडच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या एका तरुणाची हकिगत सविस्तर सांगतो. तुमचं प्रकरण आज जिथे आहे, तिथेच तो उभा होता आणि त्याने बूट देऊन टाकले होते. नावं सांगत नाही, त्याची गरजही नाही.

नवी नोकरी लागली म्हणून त्याने ९ जून २०२४ ला, रविवारी, मेन रोडवरच्या दुकानातून ऑफिसात घालायचे काळे बूट घेतले. किंमत २,७९९ रुपये. काउंटरवर लावलेला क्यूआर स्कॅन करून पैसे दिले, मोबाईल नंबर विचारला तो सांगितला, बिल घेतलं आणि गाडीच्या डिकीत टाकलं. खोकं मात्र खोलीवर नेलं, कारण त्यात त्याला चार्जर-वायरी ठेवायच्या होत्या. हे खोकं पुढे फार उपयोगी पडलं.

२९ जूनला उजव्या बुटाचा तळ चवड्याखाली आडवा चिरला. वाकवला की आतून भुगा पडायचा. त्याने खोलीतल्या मित्राला दाखवायला तळाचा छोटा व्हिडिओ काढला. दुसऱ्या दिवशी, ३० जूनला, बूट घेऊन दुकानात गेला. मालक चांगलं बोलले, “काही काळजी करू नको, कंपनीला पाठवतो,” म्हणाले. त्याने बूट पिशवीसकट काउंटरवर ठेवले आणि परत आला. चिठ्ठी मागितली नाही. मागायला संकोच वाटला, असं तो मला म्हणाला. हा संकोच मी फार जणांत पाहतो. समोरचा माणूस गोड बोलत असताना कागद मागणं आपल्याला अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं.

५ जुलैला त्याने फोन केला. “अजून आलं नाही.” १४ जुलैला व्हॉट्सॲपवर विचारलं, “भाऊ, बुटांचं काय झालं?” उत्तर आलं, “कंपनीकडे आहेत, पुढच्या आठवड्यात या.” २१ तारखेला गेला, तर काउंटरवर नवीनच पोरगा होता. “कोणते बूट?” म्हणून विचारलं त्याने. २८ जुलैला मालकांनी बूट हातात दिले आणि सांगितलं, “कंपनीने रिजेक्ट केले. पाण्यात वापरलेत तुम्ही. तरी आम्ही आमच्याकडून तळ चिकटवून दिलाय.”

चिरलेल्या जागी पिवळट गोंद ओतून तळ दाबून बसवला होता. म्हणजे दोष मुळात कसा दिसत होता, हे आता बूट बघून कुणालाच सांगता आलं नसतं. तो माझ्याकडे आला ते या अवस्थेतले बूट घेऊन.

अशा प्रकरणात मी तीन गोष्टी तपासतो. ही वस्तू याच दुकानातून, अमुक तारखेला घेतली हे दिसतं का? दोष बनावटीतला आहे, वापराचा नाही, हे दिसतं का? आणि दोष वेळेत दुकानदाराला कळवला, त्याने काय केलं, हे दिसतं का? पहिल्या दोन गोष्टी उशिरानेही उभ्या करता येतात. तिसरी त्या त्या दिवशीच करून ठेवावी लागते.

आता खरेदीचा पुरावा. त्याचं बिल डिकीत राहून जवळजवळ कोरं झालं होतं. दुकानात मिळणारी गुळगुळीत कागदाची बिलं थर्मल कागदावर छापलेली असतात. त्यात शाई नसते. कागदावरच्या रसायनाच्या थराला उष्णता लागली की अक्षरं उमटतात. म्हणूनच ऊन, गाडीची तापलेली डिकी, प्लॅस्टिकचं पाकीट, सॅनिटायझर यांनी ती बिघडतात. घरगुती उपायांनी अक्षरं परत आणायचा प्रयत्न करू नका, उरलेलंही जातं. तुमचं बिल पुसट असलं तरी आज वाचता येतंय ना? मग लगेच दिवसाच्या उजेडात सपाट ठेवून त्याचा फोटो काढा आणि एक झेरॉक्स काढून घ्या. मूळ बिल कागदाच्या पाकिटात, अंधाऱ्या जागी ठेवा.

गूगल पेचा व्यवहार उपयोगी आहे, पण लोक समजतात तितका नाही. त्यातून पैसे गेले हे दिसतं, कशाचे गेले ते दिसत नाही. या तरुणाच्या बाबतीत तर क्यूआर मालकांच्या घरातल्या कुणाच्या तरी नावावर होता, दुकानाचं नाव कुठेच नव्हतं. म्हणून बँकेच्या ॲपमधून त्या महिन्याचं स्टेटमेंट पीडीएफमध्ये काढलं, त्यातला बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक लिहून घेतला आणि ही रक्कम दुकानाशी जोडणारं दुसरं काही मिळतं का ते शोधलं. त्याने काउंटरवर मोबाईल नंबर दिला होता, त्यामुळे ९ जूनच्या एसएमएसमध्ये दुकानाच्या नावाने बिलाचा क्रमांक आणि तीच २,७९९ ही रक्कम सापडली. दोन्ही एकत्र ठेवल्यावर शंकेला जागा उरली नाही. तुमच्याही फोनमध्ये आधी हे शोधा. जुने मेसेज आपोआप पुसण्याची सोय चालू असेल तर ती बंद करा.

एसएमएसही नसेल तर दुकानदाराकडे बिलाची दुसरी प्रत मागा. ती देता येत नाही असं होत नाही. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला हिशेबाच्या नोंदी संबंधित वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळाव्या लागतात. आणि विकलेल्या मालाचं बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथाच आहे.

दुसरी गोष्ट दोषाची. इथे थोडं खोलात जातो, कारण “तुम्ही पाण्यात वापरले” या एका वाक्यावर बहुतेक ग्राहक गप्प बसतात.

त्या बुटांचा तळ पॉलियुरेथेनचा होता. दुकानात त्याला पीयू सोल म्हणतात. वजनाला हलका आणि मऊ असल्यामुळे ऑफिसच्या बुटांत आणि सँडलमध्ये तो खूप वापरतात. त्याचा एक स्वभाव आहे. हवेतल्या दमटपणाने त्याच्या आतले रासायनिक बंध हळूहळू तुटत जातात आणि उष्णतेने ते आणखी लवकर तुटतात. बूट पायात न घालता नुसता खोक्यात पडून राहिला तरी काही वर्षांनी तळ आतून कमजोर होतो. बाहेरून तो नवाकोरा दिसतो. घालून आठ-पंधरा दिवस चाललं की भाजलेल्या पापडासारखा तुटतो आणि भुगा पडतो. पावसात एक-दोनदा भिजल्याने तीन आठवड्यांत असं होत नाही.

मग बूट किती जुने होते? त्याचं उत्तर खोक्यावर होतं. बंद खोक्यावर निर्मात्याचं नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, ग्राहक सेवेचा संपर्क आणि निर्मितीचा महिना-वर्ष छापणं आवेष्टित वस्तूंच्या नियमांनी बंधनकारक आहे. त्याच्या खोक्यावर छापलं होतं फेब्रुवारी २०२१. म्हणजे विक्रीच्या दिवशी तो माल तीन वर्षं आणि चार महिने जुना होता. खोक्यावरचा आर्टिकल क्रमांक आणि बुटाच्या जिभेच्या आत शिवलेल्या लेबलवरचा क्रमांक एकच होता, त्यामुळे हे खोकं याच बुटांचं हेही ठरलं. चार्जर-वायरी ठेवायला खोकं लागलं नसतं, तर हा सगळा धागा घंटागाडीत गेला असता.

त्याचा २९ जूनचा व्हिडिओ अकरा सेकंदांचा होता. पण त्यात दोन महत्त्वाच्या गोष्टी आल्या होत्या. तळ वाकवल्यावर पडणारा भुगा आणि टाचेखालची नक्षी. नक्षी अगदी ताजी होती, कुठे झिजलेली नव्हती. वापराने फुटलेल्या तळाची टाच आणि चवडा आधी गुळगुळीत होतात. नक्षी शाबूत आणि मधूनच तळ तुटलेला, हे चित्र बघणाऱ्याला बरंच काही सांगतं. नंतर ओतलेला गोंद त्या व्हिडिओत नाही, म्हणजे तो दुकानात ओतला गेला, हेही त्यातूनच कळलं.

तुमचे बूट कोणत्या प्रकारे फुटलेत ते लिहिलेलं नाही, म्हणून एक फरक सांगून ठेवतो. तळ तुटला नसून वरच्या भागापासून सुटला असेल, तर सुटलेल्या दोन्ही पृष्ठभागांकडे नीट बघा. एका बाजूला गोंदाचा चकचकीत, अखंड पापुद्रा आणि दुसरी बाजू स्वच्छ असेल, तर गोंद तिथे धरलाच नव्हता. हा बनावटीतला दोष. दोन्ही बाजूंना फाटलेले धागे किंवा साहित्याचे तुकडे चिकटलेले असतील, तर जोरात ओढ बसून फाटलं असण्याची शक्यता आहे आणि तुमची बाजू तेवढी पक्की राहत नाही. असं असेल तर ते आधीच ओळखलेलं बरं.

फोटो काढताना बूट, खोकं आणि बिल तिन्ही एका चौकटीत येतील असा एक काढा. मग आतलं लेबल, मग तळाची पूर्ण नक्षी, मग दोष अगदी जवळून. शेवटी एक सलग व्हिडिओ काढा. त्यात तारीख बोला, लेबल दाखवा आणि बूट वाकवून दोष दाखवा, मध्ये थांबवू नका. मूळ फाइल फोनमधून काढून टाकू नका. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकाराने लहान होतो आणि फाइलच्या आत नोंदलेली वेळ वगैरे माहिती त्यातून निघून जाते. कुणाला पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. उद्या जिल्हा ग्राहक आयोगात जायची वेळ आली, तर अशा डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडायला सांगतात. मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे तो फोन हाताशी असला की ते सोपं जातं.

प्रयोगशाळेत तपासणी करायची का, असंही लोक विचारतात. नुसत्या डोळ्यांनी दोष ठरवता येत नसेल तर जिल्हा आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो आणि त्याचं शुल्क तक्रारदाराला भरायला सांगू शकतो. अडीच-तीन हजारांच्या बुटांसाठी त्या वाटेला स्वतःहून जाऊ नका, असं माझं मत आहे. डोळ्यांना दिसणारा दोष नीट टिपलेला असेल तर सहसा तेवढ्यावर काम भागतं.

आता तिसरी गोष्ट, जिथे या तरुणाची बाजू सगळ्यात लंगडी होती. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, आणि काहीच मुदत नसेल तर ३० दिवसांत. त्याच्या बिलावर मुदत नव्हती. “विकलेला माल परत घेतला जाणार नाही” एवढंच छापलं होतं. ती मुदत नव्हे आणि सदोष मालाच्या बाबतीत त्या ओळीने दुकानदाराची सुटका होत नाही. म्हणजे त्याचे ३० दिवस ९ जुलैला संपत होते. तो ३० जूनला गेला होता, पूर्ण वेळेत. पण दाखवायला काय होतं? हातात बूट आले २८ जुलैला. दुकानदाराने “हा माणूस जुलैच्या शेवटी पहिल्यांदा आला,” असं म्हटलं असतं, तर ते खोडायला एकही कागद नव्हता.

(३० दिवस गेले की सगळं संपलं, असं नाही, हे इथेच सांगतो. दोषासाठी जिल्हा आयोगात तक्रार करायला कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात. पण ३० दिवसांच्या आत कळवल्याचं दाखवता आलं तर तुमची बाजू कितीतरी भक्कम होते.)

आम्ही जे केलं ते असं. तोंडी झालेलं सगळं तारखांसकट लिहून त्याने दुकानदाराच्या त्याच व्हॉट्सॲप नंबरवर पाठवलं. भाषा साधी ठेवली, आरोप नाहीत, कायद्याची धमकी नाही: “नमस्कार. ९ जूनला तुमच्याकडून २,७९९ रुपयांचे बूट घेतले. उजव्या बुटाचा तळ तुटला म्हणून ३० जूनला ते तुमच्याकडे जमा केले. ५ जुलैला फोनवर बोललो. २८ जुलैला तुम्ही ते कंपनीने नाकारले म्हणून गोंद लावून परत दिलेत. कंपनीच्या नकाराचं पत्र किंवा ईमेल मला पाठवावं ही विनंती.” त्याच रात्री उत्तर आलं: “पत्र वगैरे नसतं. कंपनीने फोनवर सांगितलं पाणी लागलंय म्हणून. आम्ही फ्रीमध्ये चिकटवून दिले ना.”

मला हवं होतं ते याच उत्तरात होतं. बूट घेतल्याचं त्यांनी नाकारलं नाही, ३० जून ही तारीख नाकारली नाही आणि गोंद आपण लावल्याचं स्वतः लिहिलं. १४ जुलैचं “कंपनीकडे आहेत” हे उत्तर आणि ५ जुलैचा कॉल लॉग याच्या जोडीला लावला. काउंटरवर दोन ओळींची पोच घेतली असती तर हे सगळं जुळवत बसावं लागलं नसतं. पण पोच राहून गेलीच असेल तर ती अशी मागून मिळवता येते. मात्र वाद पेटायच्या आधी. एकदा नोटीस गेली की समोरचा माणूस लिहिताना सावध होतो किंवा लिहीतच नाही. म्हणून आधी हा साधा मेसेज, नोटीस नंतर. हा क्रम उलटा करू नका.

त्याच आठवड्यात खोक्यावर छापलेल्या ग्राहक सेवेच्या ईमेलवर त्याने आर्टिकल क्रमांक आणि फोटो पाठवले आणि एकच विचारलं: या जोडीची तक्रार तुमच्याकडे कधी आली आणि तुम्ही काय कळवलं? चार दिवसांनी उत्तर आलं की या आर्टिकलची कुठलीही तक्रार त्या दुकानाकडून नोंदवलेली नाही. बूट बहुधा दुकानाबाहेर गेलेच नव्हते. सगळे दुकानदार असं करतात असं मी म्हणत नाही. नाशिकमध्येच दुसऱ्या दिवशी बूट बदलून देणारे दुकानदार मला माहीत आहेत. पण “कंपनीने नाकारलं” हे ऐकलं की कंपनीला थेट विचारा. त्याला पैसा लागत नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही, म्हणजे १९१५ वर, त्याने तक्रार नोंदवली. तिथे मध्यस्थी होते, आदेश निघत नाही. तरीही तक्रारीचा क्रमांक मिळतो आणि त्या तारखेला तुम्ही तक्रार केली होती हे पुढे दाखवता येतं. त्याच्या प्रकरणात दुकानाने तिथे काही प्रतिसाद दिला नाही.

१२ ऑगस्टला नोटीस पाठवली. वकील लावला नाही, त्याने स्वतःच्या सहीने एका पानावर लिहिली. खरेदी, दोष, बूट दिल्याची आणि परत मिळाल्याची तारीख, कंपनीचं उत्तर, खोक्यावरचा निर्मितीचा महिना, आणि १५ दिवसांत २,७९९ रुपये परत करण्याची मागणी. सोबत सगळ्याच्या झेरॉक्स जोडल्या, मूळ कागद घरी ठेवले. तेव्हा रजिस्टर्ड पोस्टाने पोचपावतीसह पाठवली होती. १ सप्टेंबर २०२५ पासून ती सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली आहे. आता पाठवायची असेल तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोहोचल्याचा पुरावा काउंटरवर मागून घ्या.

नोटीस पोहोचल्यावर तीन दिवसांत मालकांचा फोन आला. आधी म्हणाले, २,७९९ ची क्रेडिट नोट देतो, तीन महिन्यांत काहीही घ्या. त्याने मला विचारलं, “काका, घेऊ का?” मी नको म्हटलं. क्रेडिट नोट घेतली की पैसा त्याच दुकानात अडकतो आणि दुसऱ्या जोडीत पुन्हा हाच प्रश्न आला तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं. सदोष वस्तूची किंमत परत मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे. आयोगही दोष दुरुस्त करायला, वस्तू बदलून द्यायला किंवा किंमत परत करायला सांगू शकतो आणि वर नुकसानभरपाई देऊ शकतो. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रारीचं शुल्कही लागत नाही. तुम्ही नाशिकला राहता किंवा इथे काम करता, तर तक्रार इथेच करता येते, कंपनी कुठलीही असो. ऑनलाइन करायची तर e-jagriti.gov.in वर सोय आहे. हे सगळं त्याने मालकांना शांतपणे सांगितलं. शेवटी २,७९९ आणि वर ३०० रुपये खर्चाचे, असं ठरलं. आणखी मागता आले असते. पण कारखान्याच्या शिफ्ट सांभाळून तारखांना जाण्यापेक्षा हे बरं, असं त्याला वाटलं आणि मलाही ते पटलं.

या वेळी बूट परत देताना त्याने दोन प्रतींत कागद लिहून नेला. आर्टिकल क्रमांक, बुटांची अवस्था, “किंमत परत मिळाल्यावर बूट जमा” आणि तारीख. पैसे खात्यात आल्याचा मेसेज दिसल्यावरच त्याने सही केली आणि मालकांची सही व शिक्का घेतला. हे मी आवर्जून सांगतो, कारण “तक्रार मिटली, काही मागणं नाही” अशा कागदावर आधी सही करून मग पैशांसाठी खेटे घालणारी माणसं माझ्याकडे येतात. आता तो काहीही घेतलं की त्याच संध्याकाळी बिलाचा आणि खोक्यावरच्या लेबलचा फोटो काढून महिन्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाकतो. खोकं पहिला महिना ठेवतो. परवा मिक्सर दुरुस्तीला दिला तेव्हा त्याने जॉब कार्डावर जारची संख्यासुद्धा लिहून घेतली.

तुमचे २२ दिवस झालेत. बिलावर वेगळी मुदत नसेल तर आठ दिवस हातात आहेत, आणि मुदत लिहिलेली असून ती उलटून गेली असेल तरी वर सांगितलेली दोन वर्षांची वाट मोकळी आहे. बिलाच्या पाठीमागेही वाचा, बारीक अक्षरांत काही छापलेलं असतं. भिंतीवरची पाटी म्हणजे बिल नव्हे. आज फोटो आणि व्हिडिओ काढा, खोकं असेल तर त्यावरचा निर्मितीचा महिना बघा. मग दुकानदाराला हा मेसेज पाठवा, तारखा आणि आकडे तुमचे घाला:

“नमस्कार. अमुक तारखेला तुमच्या दुकानातून (बिल क्रमांक अमुक) घेतलेल्या बुटांचा तळ फुटला आहे, फोटो सोबत पाठवतो. आज मी ते दाखवले, तुम्ही कंपनीला पाठवण्यासाठी ठेवून जायला सांगितलं. उद्या संध्याकाळी बूट जमा करायला येतो. जमा केल्याची पोच द्यावी. बुटांना कुठलीही दुरुस्ती किंवा गोंद न लावता ते आहेत तसेच कंपनीला पाठवावेत. बूट बदलून किंवा किंमत परत मिळावी ही विनंती.”

गोंदाचं वाक्य गाळू नका. उद्या जाताना पोच स्वतःच लिहून न्या: तारीख, बिल क्रमांक, आर्टिकल क्रमांक, “उजव्या बुटाचा तळ फुटलेला, नक्षी झिजलेली नाही” असं किंवा तुमच्या बुटांची जी अवस्था असेल ती, आणि उत्तर किती दिवसांत मिळेल ते. बिलाचं मूळ देऊ नका, झेरॉक्स द्या. त्यांनी सही केली तर बूट दुकानात ठेवा. सही करायला तयार नसतील तर भांडू नका, बूट पिशवीत घालून परत आणा आणि दुकानाबाहेर पडल्याबरोबर मेसेज करा: “आज बूट जमा करायला आलो होतो, पोच द्यायला नकार मिळाला म्हणून परत नेले.” मग बूट जसेच्या तसे घरी ठेवा, पायात घालू नका आणि कोपऱ्यावरच्या कारागिराकडून शिवूनही घेऊ नका. त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा. १५ दिवसांत काही हललं नाही तर नोटिशीचा मसुदा पाठवा, मी बघून देईन.